पाणी दगड फुटण्याआधी

पुण्याजवळच्या वाघोलीत खडी क्रशरवर सहा वर्षं काढून २०१२ साली मी फरीदाबादजवळच्या पालीला गेलो. धूळ आटोक्यात ठेवायची व्यवस्था उभी करणं हे माझं काम होतं. पालीचा पट्टा जन्माला आला तोच धुळीमुळे. १५ मे १९९२ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, फरीदाबाद आणि बल्लभगढ परिसरातले यांत्रिक क्रशर त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून बंद करायला लावले आणि हरयाणा सरकारने त्यांना पालीत जागा दिली. पुढे २००९ मध्ये न्यायालयाने फरीदाबाद, गुडगाव आणि मेवातच्या अरवलीतलं खाणकामही थांबवलं. मी पोचलो तेव्हा आसपासच्या टेकड्या गप्प होत्या, दगड दुरून ट्रकने येत होता आणि क्रशर धडधडत होते.

यंत्रं वाघोलीसारखीच होती: हॉपर, जबड्याचा क्रशर, दुसरा क्रशर, पट्टे, चाळणी. म्हणून मला वाटलं, कामही तेच असणार. तसं नव्हतं. आठ वर्षांत जे कळलं, त्यातलं बरंचसं चुका करून कळलं. ते आठ मुद्द्यांत लिहितो आहे.

१. आधी दगड ओळखा, मग धुळीबद्दल बोला

आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्यात मोकळी सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, जवळजवळ नसते. दिल्लीच्या कुशीतल्या अरवलीचा दगड बहुतांशी क्वार्ट्झाइट. नावातच क्वार्ट्झ आहे आणि दगडातही बव्हंशी तोच. क्वार्ट्झचे अतिबारीक कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत, म्हणून त्यांच्याभोवती व्रणासारख्या गाठी धरतात. हाच सिलिकोसिस. दगड नुकताच फुटलेला असेल तर त्या कणांचा ताजा पृष्ठभाग आणखी घातक असतो, आणि क्रशरवर दगड दर क्षणी नव्याने फुटत असतो.

फरक किती, हे कारखाने कायद्यातल्या एका साध्या सूत्रावरून मला पहिल्यांदा कळलं. श्वासातून खोल जाणाऱ्या धुळीची मर्यादा, घनमीटर हवेमागे मिलिग्रॅममध्ये, त्यात अशी काढायचे: १० ला (क्वार्ट्झचे टक्के अधिक २) ने भागायचं. धुळीत क्वार्ट्झ २ टक्के असेल तर १० भागिले ४, म्हणजे अडीच मिलिग्रॅम. क्वार्ट्झ ९० टक्के असेल तर १० भागिले ९२, म्हणजे ०.११ मिलिग्रॅमच्या आसपास. मर्यादा तेवीसपट कडक होते. वाघोलीत जी हवा मी चांगली म्हटली असती, तीच पालीत माणसाला आजारी पाडणारी ठरली असती.

दगड बाहेरून येतो तेव्हा तो दर महिन्याला बदलू शकतो. ग्रॅनाइटच्या जातीचा दगड आला आणि धुळीत क्वार्ट्झ ३० टक्के निघाला, तर मर्यादा ०.३१ होते. म्हणून पुढे मी खाण बदलली की धुळीचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवायला लागलो. दगडाच्या रंगावरून अंदाज बांधणं सोडून दिलं.

२. दिसणारी धूळ वेगळी, मारणारी वेगळी

पहिल्या आठवड्यात मी पांढऱ्या लोटांमागे धावत होतो. पट्ट्याच्या टोकाशी मोठा लोट उठायचा, म्हणून तिथे पाणी लावलं. लोट बसला आणि मला समाधान वाटलं. त्या लोटात मुख्यतः जाड कण होते. ते नाकात अडकतात, थुंकीबरोबर बाहेर पडतात किंवा थोड्याच अंतरावर खाली बसतात. फुफ्फुसाच्या तळाशी पोचणारे कण साधारण चार-पाच मायक्रॉनच्या आतले असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या पंधराव्या हिश्शाहून बारीक. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि शांत हवेत तासन्‌तास तरंगत राहतात.

ते पाहायची एक जुनी, स्वस्त रीत आहे. सूर्य मावळल्यावर शेडमधले दिवे मालवायचे आणि यंत्राच्या पलीकडून एकाने जोरदार टॉर्च आपल्या दिशेने धरायचा. आपण झोताच्या जरा बाजूला, पण उजेडाकडे तोंड करून उभं राहायचं. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीत जसे कण चमकतात, तशी दिवसभर स्वच्छ वाटलेली हवा दुधासारखी दिसू लागते. धूळ कुठून निघते, कुठल्या फटीतून बाहेर पडते, माणूस उभा राहतो तिथवर येते का, हे सगळं त्या झोतात दिसतं.

या रीतीने किती धूळ आहे ते कळत नाही, कुठून येते ते कळतं. किती ते मोजायला कामगाराच्या कॉलरजवळ नमुना घेणारं छोटं पंप-यंत्र आठ तास बांधावं लागतं. पण दुरुस्तीची जागा टॉर्चच दाखवतो. पहिल्याच रात्री झोतात दिसलं की पट्ट्याच्या टोकापेक्षा कितीतरी जास्त बारीक धूळ जबड्याच्या खालच्या तोंडातून बाहेर येत होती आणि तिथे मी पाण्याचा एक थेंबही दिला नव्हता.

३. उडालेल्या धुळीमागे धावू नका, दगडाला आधी भिजवा

फरीदाबादच्या खाणींबाबत १६ डिसेंबर १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्याचा निकाल दिला. न्या. पी. एन. भगवती यांच्या त्या निकालात केंद्र आणि हरयाणा सरकारला दिलेल्या निर्देशांपैकी एक अगदी साधा होता: क्रशरच्या वर पाण्याचा ड्रम ठेवून यंत्रावर सतत पाणी फवारत राहावं, नाहीतर धूळ शोषणारं यंत्र बसवावं. ज्या मजुरांच्या हालांवरून ती याचिका झाली, त्यांत मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थानबरोबर महाराष्ट्रातून गेलेलेही होते. हे वाचल्यापासून त्या ड्रमकडे मला फक्त कायद्याची अट म्हणून पाहता आलं नाही.

ड्रमची जागा महत्त्वाची आहे. उडालेला कण पाण्याने पकडणं अवघड. हाताने डास पकडायला जावं तर हाताच्या वाऱ्यानेच तो निसटतो, तसा मोठा थेंब बारीक कणाला हवेसकट बाजूला सारतो. दगड फुटण्याआधीच ओला असेल आणि फुटल्या क्षणी नव्या पृष्ठभागाला पाणी मिळालं, तर कण उडतच नाही, दगडालाच चिकटून राहतो.

आमचा क्रशर तासाला १०० टन दगड फोडायचा. अशा कामात साधारण दगडाच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का पाणी लागतं, म्हणजे तासाला ५०० ते १,००० लिटर. मी उत्साहात २,००० लिटर सोडलं. दोन तासांत चाळणीची जाळी चिखलाने लिंपली गेली आणि बारीक कच खाली पडेनाशी झाली. ऑपरेटरने कुणाला न विचारता पाण्याची चावी बंद केली. तो मूळचा नांदेडकडचा, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला साहेब. मी रागावलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पाणी दगडाला पाहिजे का चिखलाला?"

रात्री हिशेब मांडला तेव्हा मामाचं बरोबर निघालं. पाणी मोठ्या खडीवर फारसं राहत नाही, ते बारीक माल धरून ठेवतो. आमच्याकडे कच एकूण मालाच्या पाचव्या हिश्शाएवढी, म्हणजे तासाला २० टन निघायची. २,००० लिटर पाणी म्हणजे दोन टन. ते जवळजवळ सगळं २० टन कचीत गेलं तर तिच्यात दहा टक्के ओल, आणि दहा टक्के ओलीचा चिखलच होतो. तेच पाणी ७२० लिटरवर आणलं तर कचीतली ओल साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहते. जाळी मोकळी राहते आणि धूळही उडत नाही.

मग फवारे असे मांडले. मिनिटाला एक लिटर देणारे बारा नोझल. चार हॉपरवर, ट्रक ओततानाच चालू होणारे. तीन जबड्याच्या खालच्या तोंडाशी, कारण तिथे नवा कोरडा पृष्ठभाग सगळ्यात जास्त उघडा पडतो. तीन दुसऱ्या क्रशरच्या खाली आणि दोन, एक पट्टा दुसऱ्या पट्ट्यावर माल टाकतो तिथे. चाळणीवर एकही नाही. बाराही चालू असतील तर तासाला ७२० लिटर, आठ तासांच्या पाळीला ५,७६० लिटर. पाच हजारी टँकरहून थोडं जास्त. मामाने चावी पुन्हा बंद केली नाही, कारण ती बंद करायचं कारणच उरलं नव्हतं.

४. तुंबलेला फवारा लांबून चालूच दिसतो

व्यवस्था लागली, आणि तीन आठवड्यांनी टॉर्चच्या झोतात जबड्याखाली पुन्हा दूध दिसलं. नोझल ओले होते, खाली पाणी ठिबकत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर तीनपैकी दोन नोझलमधून शंकूसारखा फवारा न येता एकच धार पडत होती. धार दगडाच्या एका पट्टीलाच भिजवते आणि बाकीचा दगड कोरडाच पुढे जातो.

तिथलं बोअरचं पाणी जड होतं. नोझलच्या भोकात क्षार साचतात, शिवाय टाकीतली रेती येते. त्यावर तीन गोष्टी कराव्या लागल्या. पंपानंतर बारीक जाळीची गाळणी बसवली आणि रोज पाळी सुटताना धुवायला लावली. दोन नोझल संच ठेवले, एक लावलेला आणि एक पातळ ॲसिडच्या पाण्यात भिजत घातलेला, दर सोमवारी अदलाबदल. तिसरी गोष्ट म्हणजे पाण्याचं मीटर.

मीटर सगळ्यात उपयोगी ठरलं. बारा नोझल आणि आठ तास यांचं गणित माहीत असेल तर मीटरवरून न चढता कळतं की वर काय चाललंय. हॉपरचे चार थांबून थांबून चालतात, ते वजा केले तरी उरलेल्या आठांचे ३,८४० लिटर व्हायलाच हवेत. त्याहून कमी दिसले तर नोझल तुंबलेत किंवा कोणीतरी चावी कमी केली आहे. खूप जास्त दिसले तर भोकं झिजून मोठी झालीत, आणि पुढच्या पाळीत जाळी लिंपणार.

दाबाबद्दलही एक चूक केली. जास्त दाबाने पाणी बारीक होतं म्हणून दाब वाढवला आणि नोझल जबड्याच्या तोंडाला अगदी भिडवले. जोरदार फवारा स्वतःबरोबर हवा ओढतो. त्या हवेने आतली धूळ पाण्याआधीच मागच्या बाजूने बाहेर ढकलली. नोझल मागे घेतले, तोंड दगडाच्या प्रवाहाकडे वळवलं आणि दाब उतरवला, तेव्हा ते थांबलं.

५. चाळणीला पाणी नको, खोली हवी

चाळणीवर माल सतत हलतो, उडतो, आपटतो. तिथली धूळ पाण्याने आवरायला गेलं तर जाळी बुजते. म्हणून तिथे झाकण हवं. हे मला कळत होतं, पण झाकण म्हणजे काय ते कळत नव्हतं. चारही बाजूंनी पत्रे ठोकले, वर छप्पर घातलं आणि काम झालं असं मानलं. रात्री टॉर्च धरला तर पत्र्यांच्या प्रत्येक सांध्यातून धुळीच्या पिचकाऱ्या उडत होत्या, आधीपेक्षा जोरात.

कारण सोपं आहे, फक्त ते सुचावं लागतं. पडणारा दगड हवा बरोबर खेचत आत आणतो. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागतेच. वाट दिली नाही तर ती फटींतून निघते आणि धूळ घेऊन निघते. तेव्हा दोन कामं करावी लागतात: हवा कमी आत येईल असं करणं, आणि जी येते ती आपण ठरवलेल्या वाटेने काढणं.

पहिल्यासाठी माल जिथून पडतो तिथली उंची कमी केली. मध्ये दगडाचाच थर साचेल असा खोका ठेवला, म्हणजे दगड लोखंडावर न आपटता दगडावर पडतो. पट्टा आत येतो आणि बाहेर पडतो तिथे रबराचे जाड पडदे लावले, एकावर एक चढलेले, पट्ट्यापर्यंत टेकणारे. दुसऱ्यासाठी पंखा आणि कापडी पिशव्यांचा गाळक बसवला.

पंखा किती मोठा हे फटी ठरवतात. प्रत्येक फटीतून हवा सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने आत खेचली गेली तर धूळ बाहेर येत नाही. आमच्या पहिल्या पत्र्याच्या खोलीत सगळ्या फटी मिळून दोन चौरस मीटर निघाल्या, म्हणजे नुसत्या फटींसाठीच तासाला ७,२०० घनमीटर हवा. पडदे लावून आणि सांधे बुजवून अर्धा चौरस मीटर उरला, तेव्हा १,८०० वर भागलं. चौपट लहान पंखा, चौपट कमी वीज. पैसे पंख्यात घालण्याआधी रबरात घालावेत, हे मी मालकांना याच आकड्यांवरून पटवलं.

खोली नीट चालते का हे पाहायला उदबत्ती पुरते. फटीजवळ धरायची. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर लोटला गेला किंवा सरळ वर गेला तर पिशव्या भरल्यात, पंख्याचा पट्टा ढिला आहे, नाहीतर नळीत धूळ साचली आहे. नळीवर मुठीने ठोकून पाहायचं. पोकळ आवाज आला तर मोकळी, बद्द आवाज आला तर भरलेली. नळीत हवेचा वेग सेकंदाला अठरा-वीस मीटरच्या खाली गेला की कण वाटेतच बसतात.

गाळकात जमलेली भुकटी हीच सगळ्यात घातक धूळ, वेगळी काढून एका जागी साठवलेली. ती उघड्यावर ओतणं म्हणजे दिवसभराची मेहनत एका क्षणात उडवणं. आम्ही ती पाण्यात कालवून बंद गोण्यांत भरायला लागलो.

६. झाडू थांबवा, जमीन ओली ठेवा

क्रशरसाठी केंद्राच्या पर्यावरण नियमांत काही गोष्टी बंधनकारक आहेत: धूळ बांधून ठेवणारी आणि दाबणारी व्यवस्था, वारा अडवणारी भिंत, आवारात पक्का रस्ता, जमिनीची नियमित सफाई आणि शिंपण, आणि हद्दीवर झाडं. त्यांपैकी रस्ता आणि जमीन यांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

ट्रकच्या चाकाखाली कच दळली जाते आणि आणखी बारीक होते. सकाळी शिंपलेलं पाणी मे महिन्याच्या उन्हात दोन तासांत उडून जातं, पण रजिस्टरात "शिंपण झाले" असंच राहतं. म्हणून वेळ ठरवून नव्हे तर जमीन पाहून शिंपायला लावलं. चालताना बुटाभोवती धुळीचं वलय दिसलं की वेळ झाली.

कोरडा झाडू मी बंद केला. पट्ट्याखालची कच झाडणारी बाई दिवसभर स्वतःच उठवलेल्या धुळीत उभी असायची. आधी भिजवून फावड्याने काढणं हळू होतं, पण तिच्या तोंडाजवळचा लोट गेला. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातलं पाणी रस्त्यासाठी वापरलं. माणसं श्वास घेतात तिथल्या बारीक फवाऱ्याला ते कधी वापरलं नाही, कारण थेंबांबरोबर जंतूही फुफ्फुसात जातात.

७. मास्क शेवटी येतो, आणि तो नेमका बसला पाहिजे

तोंडाला गुंडाळलेला गमछा जाड धूळ अडवतो, बारीक कण त्यातून आरपार जातात. शस्त्रक्रियेचा निळा मास्क कडांनी उघडाच राहतो. दगडाच्या कामाला आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा एफएफपी-२ किंवा त्याच तोडीचा एन-९५ लागतो.

तोही किती पुरतो, ते गणिताने पाहू. नीट बसवलेला असा मास्क साधारणपणे हवेतली धूळ दहाव्या हिश्शावर आणतो असं धरतात. क्वार्ट्झाइटची मर्यादा ०.११ मिलिग्रॅम आहे. हवेत १ मिलिग्रॅम असेल तर मास्कच्या आत ०.१, म्हणजे मर्यादेला टेकलेलं. हवेत ३ असेल तर आत ०.३, मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे पाणी आणि झाकण यांनी हवा आधी बरीच खाली आणली तरच मास्क माणसाला वाचवतो. उघड्या क्रशरवर नुसता मास्क वाटणं म्हणजे माणसाला सुरक्षित वाटायला लावून धुळीत उभं करणं.

आणि ते दहा पटींचं रक्षणही मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटला तरच मिळतं. दाढी असेल तर मास्कची कड केसांवर बसते आणि हवा बाजूने शिरते. तिथे हा मुद्दा नाजूक होता. मी कुणाला दाढी काढायला लावली नाही. दाढीवाल्यांना हॉपर आणि चाळणीवरून काढून बंद केबिनमध्ये किंवा ट्रकच्या कामावर घेतलं. बाकीच्यांना रोज सकाळी एक गोष्ट करायला शिकवली: नाकाची पट्टी दाबायची, दोन्ही हात मास्कवर ठेवायचे आणि जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे वारा आला तर पट्टी पुन्हा बसवायची.

जेवणाच्या सुट्टीत मास्क खिळ्याला टांगायचे, आणि तासाभरात त्यांची आतली बाजू धुळीने भरायची. दुपारी तीच धूळ थेट नाकात. झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणून प्रत्येकाला एक दिला, इतकाच उपाय. ओला झालेला किंवा श्वास ओढायला जड जाणारा मास्क त्याच दिवशी बदलायचा. गाळकाच्या पिशव्या बदलताना, तुंबलेला जबडा मोकळा करताना आणि पट्ट्याखाली सफाई करताना, बाकीची हवा कितीही चांगली असली तरी मास्क लागतोच.

८. परवाना हवेचा असतो, फुफ्फुसाचा नाही

क्रशरला पास करणारं मोजमाप असं आहे: यंत्रापासून ३ ते १० मीटरवर हवेतली एकूण तरंगती धूळ घनमीटरमागे ६०० मायक्रोग्रॅमच्या आत. आमचा क्रशर यात बसला. मग त्यातली चौथाई धूळ खोल जाणारी धरली, तर ती होते १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१५ मिलिग्रॅम. क्वार्ट्झाइटची मर्यादा ०.११. नियमात बसणाऱ्या हवेतही हॉपरवरचा माणूस मर्यादेबाहेर असू शकतो, आणि तो तर यंत्रापासून तीन मीटरही दूर नसतो. हिवाळ्यात दिल्लीचा हवा निर्देशांक ४०० च्या वर गेला की श्रेणीबद्ध कृती आराखड्याचा तिसरा टप्पा लागतो आणि क्रशर बंद होतात. शहराच्या हवेसाठी ते योग्यच आहे. पण हॉपरवरच्या माणसाची हवा बाकीच्या दहा महिन्यांत मोजली पाहिजे, त्याच्याच कॉलरवर, पंप बांधून.

हे मी मामामुळे शिकलो. मामा लहानपणी आईवडिलांबरोबर फरीदाबादच्या खाणींवर आला होता. पुढे तरुणपणी दिल्लीच्या लाल कुआँच्या क्रशरवर, १९९२ नंतर पालीत. माझ्या पालीतल्या तिसऱ्या वर्षी त्याला धाप लागायला लागली. त्याआधी दोनदा क्षयाची औषधं झाली होती. त्याच्या थुंकीत जंतू सापडल्याचा कागद एकदाही नव्हता आणि तो काम काय करतो हे कुणी विचारलं नव्हतं. सिलिकोसिसची छाया एक्स-रेत क्षयासारखी दिसू शकते आणि सिलिकेने खराब झालेल्या फुफ्फुसात क्षयही लवकर शिरतो. म्हणून डॉक्टरांना कामाचा इतिहास द्यावा लागतो: कुठला दगड, किती वर्षं, कोरडं काम की ओलं. मी एका कागदावर मामाची तेहतीस वर्षं लिहून दिली. तो कागद आणि नवा एक्स-रे एकत्र पाहिल्यावर निदान झालं.

लाल कुआँचे क्रशर बंद झाल्यावरही तिथली माणसं वर्षानुवर्षं आजारी पडत राहिली. सिलिकोसिस धूळ थांबल्यावर थांबत नाही, आत गेलेले कण आपलं काम करत राहतात. त्यावर औषध नाही. तेव्हाच्या कारखाने कायद्यात तो कळवायलाच हवा असा आजार होता, आणि भरपाईचा कायदाही त्याला व्यवसायजन्य आजार मानायचा. या दोन्हींसाठीचे अर्ज करायला मला आणि मामाला अकरा महिने लागले.

मामाला हॉपरवरून काढून मी वजनकाट्याच्या बंद खोलीत बसवलं. पाण्याच्या मीटरची वही त्याने स्वतः मागून घेतली. मी पाली सोडली त्या दिवशीही त्याने ती मला दाखवली. आदल्या पाळीचा आकडा ३,२०० होता, आणि पुढे त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: जबड्याखालचे बघा. आम्ही दोघं खाली गेलो. तीनपैकी एक नोझल तुंबलेला होता आणि दुसऱ्यातून नुसती धार पडत होती. दोन्ही बदलून घेतले आणि मगच मी निघालो.